वंदना-पुस्तिकांचे संगणकीय पाठ : दुसरा आधार कोणता आणि कशासाठी?

हदगाव तालुक्यातील अनेक बौद्ध घरांत एखाद्या लोखंडी पेटीत, दस्तऐवजांच्या सोबतीने, वंदनेची एखादी जुनी पुस्तिका जपून ठेवलेली आढळते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या दशकांत अशा पुस्तिका लहान छापखान्यांतून निघाल्या. बारीक टंक, स्वस्त कागद, मध्ये तारेची टाचणी आणि शेवटच्या पानावर दानदात्यांची नावे असे त्यांचे सर्वसाधारण रूप असते. आता गावातील तरुण मंडळींनी अशा काही पुस्तिकांची पाने स्कॅन केली आहेत आणि प्रतिमेवरून अक्षरे ओळखणाऱ्या ओसीआर या संगणक-प्रणालीकडून त्यांचा मजकूर तयार करून घेतला आहे. त्यांपैकी एका पुस्तिकेचा 'तपासलेला' म्हणून मिळालेला पाठ मूळ पानांशी ताडून पाहण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. पुस्तिकेचे मुखपृष्ठ गळालेले असल्याने तिचा संग्राहक, मुद्रक व प्रकाशनवर्ष यांचा निर्देश करता येत नाही. पाठ तयार करणाऱ्यांचा नामनिर्देशही येथे हेतुतः टाळला आहे, कारण येथे दाखविलेल्या चुका एका गटाच्या नसून आज सर्वत्र रूढ होत असलेल्या पद्धतीच्या आहेत.

त्या पद्धतीचा दोष एका वाक्यात सांगता येतो. संशयित शब्द आला की छापील पानाकडे न पाहता थेट त्रिपिटकाची एखादी संगणकीय आवृत्ती उघडायची आणि तिच्यातील शब्द उचलून पुस्तिकेत बसवायचा. यात दोन निराळे प्रश्न एक होऊन जातात. पुस्तिकेत काय छापले आहे, हा पहिला प्रश्न. जे छापले आहे ते पाली पाठ म्हणून शुद्ध आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर फक्त पान देऊ शकते. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी दुसरा आधार लागतो. त्यांचा क्रम उलटला की दुरुस्तीच नव्या चुकीला जन्म देते, आणि ती चूक यंत्राच्या चुकीपेक्षा शोधण्यास अधिक कठीण असते.

यंत्राच्या चुका आणि त्यांची ओळख

यंत्राच्या चुकांना एक स्वभाव असतो. देवनागरीत ज्या अक्षरांचा भेद एखाद्या गाठीवर वा तिरक्या रेघेवर अवलंबून आहे, तेथे यंत्र घसरते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य', 'ब' आणि 'व' या जोड्या नेहमीच्या आहेत. जुन्या टंकातील 'ख' मधील दोन भाग सुटे पडलेले असले तर 'खन्ती'चे 'रवन्ती' होते. अनुस्वाराचा ठिपका शाई कमी पडल्याने नाहीसा होतो, किंवा कागदावरचा डाग अनुस्वार म्हणून वाचला जातो. पालीत याचा फटका मोठा असतो, कारण विभक्तीचा निर्णय बहुधा त्या एका ठिपक्यावर टेकलेला असतो. असल्या चुका बहुतेक वेळा निरर्थक शब्द निर्माण करतात, त्यामुळे सावध वाचकाच्या त्या लगेच नजरेत येतात.

खरा धोका दुसऱ्या जातीच्या चुकांत आहे. ओसीआर प्रणालीला एखाद्या भाषेच्या मजकुरावर शिकविलेले असते. मराठीसाठी सिद्ध केलेली प्रणाली पाली पानावर चालविली म्हणजे अक्षर अस्पष्ट असेल तेथे ती आपल्या ओळखीच्या मराठी शब्दाकडे झुकते. अशा वेळी 'धम्म'चे 'धर्म' होते आणि 'सील'चे 'शील' होते. हे शब्द निरर्थक नसल्याने डोळा त्यांवर अडखळत नाही.

या चुका लक्षात आल्यावर प्रस्तुत पाठाच्या तपासनीसांनी जो उपाय योजला, तो मात्र रोगापेक्षा वाईट ठरला. त्यांनी संपूर्ण मजकुरात एका आज्ञेसरशी 'धर्म'च्या जागी 'धम्म' आणि 'शील'च्या जागी 'सील' बसविले. परंतु पुस्तिका निव्वळ पाली नाही. प्रत्येक गाथेखाली मराठी अर्थ आहे, मध्ये संग्राहकाचे निवेदन आहे, शेवटी दानदात्यांची यादी आहे. परिणामी निवेदनातील 'धर्मांतर' हा शब्द 'धम्मांतर' असा झाला, आणि यादीतील सुशीलाबाई 'सुसीलाबाई' झाल्या. 'धम्मांतर' असा शब्द आढळला की तेथे सरसकट बदल झाला असावा, असा संशय घ्यावा. पाली भाग आणि मराठी भाग आधी वेगळे करून, प्रत्येक बदल पान समोर ठेवून एकेक करावा, याला दुसरा मार्ग नाही.

'आरती' की 'अरती'?

आता एका शब्दाचा निवाडा सविस्तर पाहू. मंगलसुत्तात पापापासून निवृत्ती सांगणाऱ्या गाथेच्या आरंभी 'आरती' आणि 'विरती' ही शब्दांची जोडी येते. संगणकीय पाठात तेथे 'अरती' असे होते. तपासनीसाने त्यावर संशयाची खूण केली होती, पण पुढे ती काढून टाकली. कारण विचारता त्याने सांगितले की, पाली कोशात 'अरति' हा शब्द मिळतो, तेव्हा तो चुकीचा कसा म्हणावा? शिवाय 'आरती' हा शब्द आपल्या वंदनेत असेलच कसा, ओवाळण्याशी आपला संबंध काय, असाही त्याचा प्रश्न होता.

युक्तिवाद प्रामाणिक आहे. म्हणूनच त्याची तपासणी उपयुक्त आहे. 'अरति' हा पाली शब्द आहे खरा. त्याचा अर्थ मन न रमणे, असंतोष, उबग. मारकन्यांपैकी एकीचे ते नावही आहे. म्हणजे मंगल सांगणाऱ्या गाथेत मंगलाच्या नेमका विरोधी शब्द येऊन बसला. कोशात शब्द सापडला एवढ्याने तो त्या जागी योग्य ठरत नाही. छंदाचीही येथे मदत नाही. गाथेच्या चरणात आठ अक्षरे हवीत, आणि 'आरती' घेतले काय किंवा 'अरती' घेतले काय, अक्षरे तीनच राहतात.

प्रथम पान पाहिले. भिंगाखाली धरल्यावर 'अ'च्या उजव्या बाजूस, शिरोरेषेला लागून, कान्याचे वरचे टोक स्पष्ट दिसले. त्याचा खालचा भाग उमटलेला नव्हता. हे टंक तुटल्यामुळे झाले की शाई न लागल्यामुळे, हे एका प्रतीवरून सांगता येत नाही. त्यासाठी त्याच मुद्रणाची दुसरी प्रत लागते. टंक तुटलेला असेल तर दोष सर्व प्रतींत सारखा दिसतो; शाईचा असेल तर प्रतीगणिक बदलतो. सुदैवाने गावातीलच दुसऱ्या घरी तीच पुस्तिका मिळाली. तिच्यात कान्याची रेघ पूर्ण होती. एवढ्यावर पहिला प्रश्न सुटला: पुस्तिकेत 'आरती' छापले आहे आणि 'अरती' ही यंत्राची चूक आहे. येथवर त्रिपिटकाचे एकही पान उघडावे लागलेले नाही, हे ध्यानात घ्यावे.

आता दुसरा प्रश्न. छापलेले 'आरती' पाली पाठ म्हणून ग्राह्य आहे काय? मंगलसुत्त खुद्दकपाठात आहे आणि सुत्तनिपातातही आहे. तपासनीस म्हणतो, दोन ठिकाणी पाहिले म्हणजे दोन आधार झाले. तसे होत नाही. एकाच संपादकमंडळाने एकाच संस्करणात दोन ठिकाणी छापलेला पाठ ही एकच साक्ष होय. नागरीतील दोन मोठी संस्करणे घेतली तरी अडचण पूर्णतः सुटत नाही. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली नालंदा येथून १९५६ ते १९६१ या काळात ४१ खंडांत निघालेल्या त्रिपिटकाचा प्रमुख आधार ब्रह्मदेशातील छट्ठ संगायनाचा पाठ होता. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाचे नागरी संस्करण आणि त्याची संगणकीय आवृत्ती यांचा आधारही तोच. ही दोन्ही संस्करणे मोलाची आहेत, परंतु त्यांचे एकमत हे पुष्कळ अंशी एकाच साक्षीदाराने दोनदा सांगितल्यासारखे आहे.

म्हणून स्वतंत्र परंपरेचा आधार शोधावा लागतो. हेल्मर स्मिथ यांनी संपादिलेला आणि लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने १९१५ साली प्रसिद्ध केलेला खुद्दकपाठ छट्ठ संगायनाच्या सुमारे चाळीस वर्षे आधीचा आहे. त्यातही आदिस्वर 'आ' हाच आहे. मात्र तेथे दोन्ही शब्दांच्या अंती ऱ्हस्व इकार आहे, तर छट्ठ संगायनाच्या पाठात दीर्घ ईकार आहे. म्हणजे आवृत्त्यांत मतभेद आहे तो शेवटच्या स्वराविषयी. पहिल्या स्वराविषयी नाही. दुसऱ्या आधाराकडून अशीच नेमकी उत्तरे घ्यावयाची असतात.

याहून बळकट पुरावा अट्ठकथेचा आहे. खुद्दकपाठाची अट्ठकथा 'परमत्थजोतिका' शब्दाशब्दाचा अर्थ देते. तेथे 'आरती'चे स्पष्टीकरण 'आरमण' या शब्दाने आणि 'विरती'चे 'विरमण' या शब्दाने केलेले आहे. एखाद्या आवृत्तीत कान्याची चूक होऊ शकते. परंतु अर्थ सांगणारा टीकाकार ज्या शब्दावरून अर्थ काढतो, तो शब्द त्याच्यापुढे 'आ' ने सुरू होणाराच असला पाहिजे. 'अरती' या शब्दातून 'आरमण' निघत नाही. त्यामुळे अट्ठकथा जेथे उपलब्ध आहे, तेथे आणखी एक मूळ आवृत्ती पाहण्यापेक्षा तिची साक्ष घेणे अधिक निर्णायक ठरते.

राहिला ओवाळण्याचा आक्षेप. मराठीतील 'आरती' संस्कृत 'आरात्रिक' पासून आलेली आहे. पाली 'आरती' ही 'आ' आणि 'रति' यांपासून बनलेली असून तिचा अर्थ दूर राहणे, परावृत्त होणे असा आहे. उच्चार सारखा, कूळ वेगळे. प्रतीक असे की, ज्या घरातून दुसरी प्रत मिळाली, तेथील वयोवृद्ध आजी हा शब्द मुखोद्गत 'आरती' असाच म्हणत होत्या, आणि नातू हातातील मोबाईलवरचा पाठ दाखवून, "आजी, तुमचं चुकतंय, इथं 'अरती' आहे," असे सांगत होता. आजींना अक्षरओळख नाही. त्यांनी ते वडिलांच्या तोंडून ऐकून पाठ केले होते. मुखपाठ हा निर्णायक पुरावा मानता येणार नाही, कारण त्यांच्या वडिलांनी ते कोणत्या पुस्तिकेवरून घेतले हे आता कळण्यास मार्ग नाही. परंतु पान पुन्हा पाहावे असा संशय निर्माण करण्यास तो पुरेसा होता, आणि येथे तर तोच खरा निघाला.

जेथे त्रिपिटक उत्तर देत नाही

वंदना-पुस्तिकेतील प्रत्येक रचना त्रिपिटकात आहे, ही समजूत दुसऱ्या प्रकारच्या चुकांच्या मुळाशी आहे. तिसरण, मंगलसुत्त, रतनसुत्त, मेत्तसुत्त यांचा शोध खुद्दकपाठात लागतो. पण जयमंगल-अट्ठगाथा ही उत्तरकालीन रचना आहे. ती त्रिपिटकात शोधणारा तपासनीस रिकाम्या हाताने परततो आणि मग अंदाजाने दुरुस्ती करतो. तिच्यासाठी दुसरा आधार म्हणजे श्रीलंका व थायलंड येथील पठण-ग्रंथ आणि तिचा छंद. ही रचना वसंततिलकात असल्याने प्रत्येक चरणात चौदा अक्षरे आणि त्यांचा लघुगुरूक्रम ठरलेला आहे. ओसीआरने एखादे अक्षर गाळले किंवा ऱ्हस्वाचे दीर्घ केले तर मोजताक्षणी कळते.

तथापि छंद हे शस्त्र दुधारी आहे. पहिल्या गाथेत माराच्या हत्तीचे नाव येते. आमच्या पुस्तिकेत ते 'गिरिमेखलं' असे स्वच्छ छापलेले आहे आणि यंत्रानेही ते बिनचूक वाचले होते. तपासनीसाने तेथे 'ग्रीमेखलं' अशी दुरुस्ती केली. त्यामागे अभ्यास आहे, हे मान्य केले पाहिजे. 'गिरिमेखलं' घेतल्यास चरणात पंधरा अक्षरे होतात, 'ग्रीमेखलं' घेतल्यास बरोबर चौदा. शिवाय थायलंडच्या पठणात 'ग्री' हेच रूप रूढ आहे. परंतु श्रीलंकेच्या पठणात 'गिरि' हे रूप आहे. 'गिरि'चे दोन लघू 'ग्री'च्या एका गुरूच्या जागी बसत असल्याने मात्रांत फरक पडत नाही आणि म्हणण्यातही अडखळ होत नाही. संग्राहकाने बुद्ध्या किंवा परंपरेने 'गिरि' स्वीकारलेले आहे. ही चूक नसून पाठभेद आहे. त्याची जागा टिपेत आहे, मजकुरात नाही. ही 'दुरुस्ती' तशीच पुढे गेली असती, तर मराठवाड्यातील वंदनेचा पाठ कोणत्या परंपरेकडून आला हे दाखविणारी एक खूण पुसली गेली असती. पुस्तिका पुढील अभ्यासकाच्या हाती द्यायची ती याच खुणांसाठी.

वर्णलेखनाचे भेद याहून साधे, पण संख्येने फार. नागरी त्रिपिटकात 'मङ्गल', 'सङ्घ' असे परसवर्णाने लिहिलेले असते, तर मराठी पुस्तिकांत 'मंगल', 'संघ' असे अनुस्वाराने. संगणकाकडून दोन पाठांची सरळ तुलना करविली तर असे प्रत्येक स्थळ भेद म्हणून दाखविले जाते आणि त्या गर्दीत 'आरती'सारखा खरा भेद हरवतो. यासाठी तुलनेपुरती दोन्ही पाठांची एकेक प्रत काढून तिच्यात परसवर्णाचे अनुस्वार करून घ्यावेत. मूळ पाठास हात लावू नये. 'संयमो' आणि 'सञ्ञमो' हा भेद मात्र या गर्दीतला समजू नये. मंगलसुत्तातील त्या एकाच स्थळी छट्ठ संगायनाचा पाठ पहिले रूप देतो आणि लंडनचा दुसरे. आमच्या पुस्तिकेत पहिले आहे.

छापखान्याची चूक

तिसरा वर्ग उरतो तो जुळाऱ्याच्या चुकांचा. पानावर खरोखरच चूक छापलेली असते, यंत्राने ती इमानाने वाचलेली असते. आमच्या पुस्तिकेत 'कतञ्ञुता' या शब्दात एके ठिकाणी 'ज्ञ' आहे. दोन्ही प्रतींत तो तसाच असल्याने यंत्र किंवा शाई यांना दोष देता येत नाही. पालीत 'ज्ञ' हे जोडाक्षर नाही. लहान छापखान्यांच्या खान्यांत 'ञ' चा टंक पुरेसा नसे आणि जुळाऱ्याचा हात सवयीने 'ज्ञ' कडे जाई, हे कारण संभवते. पुस्तिकेत अन्यत्र 'पञ्ञा' हा शब्द 'ञ्ञ' ने बरोबर छापलेला असल्याने संग्राहकाला 'ज्ञ' अभिप्रेत नव्हता, असा निष्कर्ष काढता येतो. येथे दुसरा आधार बाहेरचा नसून त्याच पुस्तिकेचे दुसरे पान आहे, आणि पुष्कळदा तोच सर्वांत जवळचा असतो.

या तीन वर्गांस तीन वागणुका हव्यात. यंत्राची चूक पानाप्रमाणे निमूटपणे दुरुस्त करावी. तिची नोंद वाचकाला देण्याची गरज नाही. छापखान्याची चूक यथामुद्रित पाठात तशीच ठेवून पठणासाठीच्या पाठात शुद्ध करावी आणि कोणत्या आधारावर केली ते लिहावे. पाठभेद दोन्हीकडे जसाच्या तसा ठेवून टिपेत दुसरे रूप द्यावे. प्रस्तुत संगणकीय पाठात हे तिन्ही एकत्र मिसळले असल्याने 'तपासलेला' या शब्दाचा अर्थच कळेनासा झाला आहे. त्यातील परिश्रम मोठे आहेत, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांची तपासणी तर विशेष काळजीने झाली आहे. परंतु कोणता बदल कोठे व का केला याची एकही नोंद नसल्याने ते परिश्रम पुन्हा कोणालाही पडताळता येत नाहीत.

तपासण्याच्या प्रत्यक्ष रीतीविषयी एक अनुभव नोंदवितो. ज्यांना वंदना मुखोद्गत आहे, ते या कामास सर्वांत कमी उपयोगी ठरतात, कारण डोळा पानावर असला तरी स्मरण पुढे धावत असते आणि पान न वाचताच शब्द पुरविते. यावर उपाय म्हणून आम्ही दोघांनी मिळून तपासले. एकाने संगणकीय पाठ मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरांसह उच्चारून वाचायचा, दुसऱ्याने फक्त छापील पान पाहायचे. आणि गाथा शेवटच्या चरणापासून उलट क्रमाने घ्यायच्या. उलट क्रमात स्मरणाचा धागा तुटतो आणि अक्षर जसे आहे तसे दिसू लागते. 'आरती'च्या कान्याचे टोक याच वाचनात प्रथम दिसले.

सदर पाठ याच स्वरूपात नव्या पुस्तिकेसाठी छापखान्याकडे देण्याचा विचार असल्याचे समजते. वर्षावासात तीच पुस्तिका घरोघरी उघडली जाईल, आणि 'अरती' म्हणावे असे मुलांना छापील आधारानिशी शिकविले जाईल. तत्पूर्वी पाने पुन्हा समोर घेऊन सर्व बदल उलगडावेत आणि प्रत्येकापुढे त्याचा आधार लिहावा. पुस्तिका लहान आहे. दोन माणसांना काही संध्याकाळी पुरतील एवढेच हे काम आहे.